लिफ्टवाल्या काकांचं कागदावरचं वय

लिफ्टवाले काका एकोणतीस वर्षं त्या पाच मजल्यांच्या सरकारी इमारतीत वरखाली करत होते. स्टूल एक, पंखा एक, तोही बंद. तिसऱ्या मजल्यावर ज्येष्ठ नागरिक कार्डाची खिडकी. सकाळपासून म्हातारी माणसं पिशव्या पोटाशी धरून लिफ्टमध्ये शिरायची आणि काकांनाच विचारायची, "फोटो दोन लागतात ना हो?"

"दोन फोटो, ओळखपत्राची झेरॉक्स, पत्त्याचा पुरावा, वयाचा पुरावा. शाळा सोडल्याचा दाखला असेल तर उत्तम. आणि ओरिजिनल दाखवायला ठेवा, नाहीतर पुन्हा खाली याल." काकांचं पाठ होतं.

वर जाताना हसणारी माणसं खाली येताना जास्त हसायची. एक आजोबा तर म्हणाले, "आता एसटीत अर्धं तिकीट, बँकेत ठेवीवर अर्धा टक्का जास्त. म्हातारं व्हायला मजाय बघा!" काकांनी तळमजल्याचं दार उघडलं. ते स्वतः एकसष्ट वर्षांचे होते. कागदावर मात्र सत्तावन्न.

ती भानगड त्यांनीच केलेली. नोकरीची वयोमर्यादा अठ्ठावीस आणि काका बत्तीसचे. बाहेर झाडाखाली टेबल टाकून बसणाऱ्या अर्जवाल्यानं सांगितलं, "दाखला हरवला म्हण. प्रतिज्ञापत्र करू. चार वर्षं कमी केली तर कोण मोजणारे?" कोणी मोजली नाहीत. पुढं ओळखपत्र आलं, त्यात खरी तारीख पडली. दुसऱ्या मजल्यावरच्या आस्थापना विभागानं, म्हणजे नोकऱ्यांची पुस्तकं ठेवणाऱ्यांनी, कान धरला: दोन तारखा चालणार नाहीत. तेव्हा काकांनी ओळखपत्रावरची खरी तारीख बदलून खोटी करून घेतली. दाखला पत्र्याच्या पेटीत तळाला गेला.

आता काकू आजारी होत्या. आठवड्यातून दोनदा डायलिसिस, दुसऱ्या गावच्या मोठ्या दवाखान्यात, अडीच तासांची एसटी. काकू एकट्या जायच्या, कारण दोघांची तिकिटं दर खेपेला झेपत नव्हती. परत येताना त्यांना चक्कर यायची. मागच्या शुक्रवारी एका अनोळखी बाईनं त्यांना रिक्षात बसवून दिलं होतं.

"तुमचं अर्धं झालं तर तुम्ही याल ना सोबत?" काकूंनी विचारलं.

"सुट्टीचं बघतो. कार्ड आधी."

"म्हाताऱ्याशी लग्न केलं म्हणायची मी. हा तर कागदावर तरणाताठा निघाला!" काकू हसल्या. हसताना दम लागला.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणाच्या सुट्टीत काकांनी लिफ्टला 'बंद'ची पाटी लावली आणि जिन्यानं तिसऱ्या मजल्यावर गेले. खिडकीत चष्मेवाल्या बाई होत्या. त्यांना काका रोज वर आणायचे.

"काका, कुणाचा अर्ज?"

"माझाच."

बाईंनी दाखला पाहिला, ओळखपत्र पाहिलं, पुन्हा दाखला. "यात एकसष्ट, त्यात सत्तावन्न. दोन्ही जुळलं पाहिजे."

"दाखला खरा आहे. ओळखपत्र दुरुस्त करतो मग."

बाईंनी संगणकावर नंबर टाकला. "एकदा बदललीय तारीख. ती एकदाच बदलून मिळते काका. पुन्हा बदलायची तर मोठ्या ऑफिसला अर्ज, आणि आधी का बदलली त्याची चौकशी. ते नोकरीच्या ठिकाणी पत्र पाठवतात."

"म्हणजे दुसऱ्या मजल्यावर?"

"दुसऱ्या मजल्यावर." बाईंनी आवाज खाली केला. "अठ्ठावन्नला निवृत्ती ना तुमची? खऱ्या वयानं तुम्ही तीन वर्षांपूर्वीच घरी हवे होता. तो पगार परत मागतील, पेन्शन अडकेल. मी हा अर्ज घेतलाच नाही, समजा."

काकांनी दाखला उचलला. कडा तुटलेल्या होत्या, तो घडी घालताना हातात आणखी थोडा फाटला. खाली आले तेव्हा लिफ्टसमोर आठ जण उभे होते. "कुठं होतात हो? आम्ही म्हातारी माणसं!"

"चला आत," काका म्हणाले आणि बटण दाबलं.

शुक्रवारी पहाटे त्यांनी काकूंना एसटीत खिडकीजवळ बसवलं, पिशवी मांडीवर दिली. कंडक्टरनं पांढरे केस पाहिले. "बाबा, कार्ड काढा, तुमचं अर्धं."

"माझं नाही. यांचंच एक."

"तुम्ही ज्येष्ठ नाही?"

"तीन वर्षं आहेत अजून."

कंडक्टर हसला. "लवकर पिकलात की!"

काकू त्यांच्याकडे बघत राहिल्या. "उतरा आता," त्या म्हणाल्या, "ड्युटीला उशीर होईल."

काका उतरले. गाडी वळेपर्यंत उभे राहिले, मग इमारतीकडे चालू लागले. साडेनऊला लिफ्ट उघडायची होती.