पोटरी खुशाल

खारघरच्या डोंगरावरचं वाळलं गवत पेटलं की धुराआधी त्याचा वास घरात शिरतो. कडवट, किंचित गोडसर, चुलीपाशी विसरलेल्या भाकरीसारखा. त्या फाल्गुनात तर डोंगर रोजच कुठे ना कुठे धुमसत होता. सकाळी बाल्कनीचा दरवाजा उघडला की कठड्यावर, तुळशीच्या पानांवर, वाळत घातलेल्या चादरीवर राखेची काळी, वजनहीन कुसळं येऊन बसलेली असत, आणि बोटाने टिपू जावं तर त्यांची नुसती रेघ उरे. याच बाल्कनीला लागून असलेल्या खोलीत आजा झोपलेला असे, उजव्या पायाखाली उशी घेऊन, गुडघ्यावर बर्फाची पिशवी ठेवून, डोळे छताला लावून.

आजा म्हणजे माझ्या वडिलांचे वडील. आमच्याकडे आजाला अहो-जाहो करत नाहीत. अरे-तुरेतच सगळा मान असतो. त्याचा सारा जन्म घणसोली गावात गेला. खाडीकाठची भातशेती त्याने केली, ती जमीन शहराखाली जाताना पाहिली, आणि उरलेल्या घरावर मजले चढवून खोल्या भाड्याने दिल्या. त्या घराचा जिना इतका उभा की गुडघ्याचा सांधा बदलल्यावर त्याला तिथे नेणं शक्यच नव्हतं. म्हणून लिफ्ट असलेल्या माझ्या फ्लॅटवर तो आला, आणि त्याची काळजी घ्यायला त्याची लेक, माझी आत्या, आपला संसार सुनेवर टाकून आली.

पहिले काही दिवस बरे गेले. व्यायाम शिकवायला येणारी फिजिओथेरपिस्ट मुलगी हसतमुख पण निष्ठुर होती. टाच गादीवर घासत पाय मागे ओढायला लावी, मांडीचा स्नायू आवळून धरायला सांगे, पावलं वर-खाली हलवून घेई. "आजोबा, पावलं हलवत राहायची हं, रक्त खेळतं राहिलं पाहिजे," असं ती जाताना दारातूनही सांगे. आजा तिच्यासमोर सारं करी आणि ती गेली की पायातला घट्ट पांढरा मोजा उकाड्याच्या नावाने काढून टाकी. मग हळूहळू तो गप्प होत गेला. चहा पुढे ठेवला तरच घेई. वॉकर भिंतीशी उभा राही. विचारलं की म्हणे, "दुखनारच ना. नवा हाय गुरघा."

ते गप्प राहणं मला सोसेना, म्हणून मी त्याच्यासाठी कविता लिहायला बसले. रविवारी घणसोलीहून सगळे त्याला भेटायला यायचे होते, त्यांच्यासमोर वाचावी असा विचार. मी महाविद्यालयात मराठी शिकवते; पण आजारी माणसासाठी हलकीफुलकी कविता लिहिणं किती नाजूक काम असतं, हे त्या दुपारी पहिल्यांदा कळलं. थट्टा करायची, पण दुखण्याची करायची; दुखणाऱ्याची नाही. त्याला हसू यावं, पण आपल्यावर हसताहेत असं वाटू नये. आणि कानाला लगेच ओळखीची वाटेल अशी चाल हवी, म्हणून ओळीला आठ अक्षरांचा साधा छंद मी घेतला, ओव्या ऐकत वाढलेल्या माणसाला तो शिकवावा लागत नाही. मग अपराधी कोण ठरवायचा? गुडघाच. नवा, महागडा, मानपान मागणारा गुडघा. तिथून पहिली कडवी आपोआप उतरली:

आला गुडघा घरात
जणू जावई नवासा
उशी, बर्फ, मानपान
तरी टाकतो उसासा

चार पायांचा वॉकर
पुढे पुढे मिरवतो
मागे आजा हळूहळू
नवरदेव शोभतो

तिसऱ्या कडव्यात मात्र अडले. 'वाक म्हणता वाकेना, अशी गुडघ्याची चाल' इथवर आलं, आणि 'चाल'ला यमक काही सापडेना. गाल, लाल, ढाल, मशाल असं करता करता 'खुशाल' हाती लागलं. मग खुशाल असेल असं काहीतरी त्या पायात शोधायला हवं होतं. मांडी निवांत ठेवली, आणि तिच्याखाली जे अवयव उरतात त्यांतून अक्षरं मोजून पोटरी उचलली. 'खाली पोटरी खुशाल.' आठ अक्षरं, नेटकं यमक. त्या पोटरीकडे मी पाहिलंही नव्हतं. शब्द बसला म्हणून ती खुशाल झाली.

शनिवारी संध्याकाळी मी आजाला आधी एकट्याला कविता ऐकवली. डोंगरावर आगीची एक लालसर कड सरकत होती आणि खोलीतला उजेड तांबूस, मातकट झाला होता. जावयाच्या कडव्याला आजा हसला. कितीतरी दिवसांनी हसला. पण ते हसू मध्येच तुटलं. त्याने तोंड उघडून श्वास घेतला, जणू जिना चढून आला होता. मला वाटलं, झोपून हसल्यामुळे असेल. नवरदेवाच्या कडव्याला त्याने हाताने थांबण्याची खूण केली, दम घेतला, मग म्हणाला, "हां, वाच." मी तिसरं कडवं वाचलं.

वाक म्हणता वाकेना
अशी गुडघ्याची चाल
वर मांडी निवांतशी
खाली पोटरी खुशाल

आजाचा चेहरा बदलला. "ता खोटा हाय," तो म्हणाला.

"काय खोटं?"

"गुरघा नाय दुखं आता तेवरा. पोटरी दुखते. तू लिवलंस खुशाल." त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. चुकीची ओळ चारचौघांत वाचली जाऊ नये, एवढीच त्याची काळजी होती. "ता काढ. सगल्यांसमोर खोटा नको वाचू."

स्वयंपाकघरातून आत्या हे ऐकत होती. "मंग सांगलास का नाय रं बाबा?" ती म्हणाली, आणि लसूण घालून तेल तापवायला ठेवलं, पोटरी चोळली की मोकळी होईल, असं तिने धरूनच टाकलं. मी चादर बाजूला केली. शस्त्रक्रियेच्या पायाला सूज असतेच, असं आम्हाला आधीच सांगितलेलं होतं, म्हणून आम्ही तिची सवय करून घेतली होती. पण दोन्ही पाय शेजारी ठेवून मी पहिल्यांदाच पाहत होते. डावी पोटरी म्हाताऱ्या माणसाची, सैल, सुरकुतलेली. उजवी फुगीर, ताणलेली, तिच्यावरची कातडी पिकल्या फळासारखी चकाकणारी. हात ठेवला तर डाव्या पायापेक्षा स्पष्ट गरम. खोलीत जळक्या गवताचा वास होता, तापलेल्या लसणाचा वास होता, आणि माझ्या तळहाताखाली ती मुकी, अनोळखी ऊब.

आत्या वाटी घेऊन दारात आली तेव्हा मी फोनवर होते. डॉक्टरांनी दोनच गोष्टी विचारल्या: एकाच पायाला आहे का, आणि दम लागतोय का. मी 'हो' म्हटल्यावर त्यांचा स्वर सपाट झाला. "चोळू नका. अजिबात चोळू नका. चालवूही नका. पोटरीच्या शिरेत रक्ताची गाठ असू शकते, ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. ॲम्ब्युलन्स बोलवा आणि लगेच घेऊन या."

मी आत्याच्या हातातली वाटी घेतली. तिला कारण सांगितलं, तेव्हा ती भिंतीला टेकून खाली बसली. चार-पाच पावलांचं अंतर राहिलं होतं, तिच्या बोटांत आणि त्या पोटरीत.

स्ट्रेचरवरून लिफ्टकडे नेताना आजाने माझं मनगट धरलं. "म्हनून नव्हतो सांगत," तो म्हणाला. "मोठा भाऊ असाच गेलता. थोरा दुखतंय बोलला नं दवाखान्यात गेला. परत नाय आला." आश्वासनाचे सारे शब्द त्या क्षणी मला त्या यमकासारखे वाटले. बसतात म्हणून वापरायचे, खरे आहेत की नाही ते न पाहता.

पायाच्या सोनोग्राफीत शिरेतली गाठ दिसली. गुडघ्याच्या वरपर्यंत सरकलेली. रक्त पातळ ठेवायची गोळी चालू असूनही ती होऊ शकते, असं डॉक्टर म्हणाले. गोळीने धोका कमी होतो, नाहीसा होत नाही. मग छातीचं स्कॅन झालं, आणि त्याचं उत्तर येईपर्यंत आम्ही दोघी एका पांढऱ्या भिंतीसमोर बसून होतो. आत्याने दोन्ही हात पदरात गुंडाळून घेतले होते, जणू ते पुन्हा कशाला लागू नयेत. मी मनात अक्षरं मोजत होते. थांबवता येत नव्हतं. 'हळू हळू टाक पाय, वाट काही पळणार?' हे शेवटचं कडवं मी आदल्या दिवशीच रचलं होतं. 'तुझ्यामागे सारे घर, तुझ्या पावली येणार.' तिथे बसल्यावर तो 'तुझ्यामागे' माझ्या कानात दुसऱ्याच अर्थाने वाजला. माणूस गेल्यावर घरच्यांची चौकशी करताना मराठीत जो वापरतात, तोच शब्द. त्याच्या मागे कोण आहे? मी तो मनातल्या मनात खोडला, पुन्हा खोडला, आणि त्या जागी 'तुझ्यासंगे' ठेवला. अक्षरं तेवढीच होती.

फुप्फुसात मोठं काही नव्हतं. तिथल्या रक्तवाहिनीच्या एका बारीक फांदीत गाठीचा लहानसा तुकडा पोचला होता. दम त्याचाच लागत होता. इंजेक्शनं सुरू झाली, नळीतून प्राणवायू सुरू झाला, आणि डॉक्टरांनी सांगितलं की पुढचे दोन-तीन दिवस नीट लक्ष ठेवावं लागेल. ते दिवस कसे गेले हे मला सांगता येत नाही. एवढंच आठवतं की यंत्रावरच्या प्राणवायूच्या आकड्याकडे पाहून आम्ही बोलायचं की नाही हे ठरवत होतो.

आजा घरी आला. सूज उतरायला वेळ लागला, गोळ्या कित्येक महिने घ्यायच्या आहेत, दाढी करताना जपायचं आहे, हिरड्यांतून रक्त आलं तर लगेच कळवायचं आहे. मोजा आता तो स्वतः मागून घालतो. फिजिओथेरपिस्ट मुलगी परत येऊ लागली तेव्हा तिने आधी पोटरी पाहिली आणि मगच गुडघा. आत्या त्याचे पाय पुसते तेव्हा पोटरीपाशी तिचा टॉवेल क्षणभर हवेत थांबतो.

राहून गेलेला रविवार पुढे एका दुपारी झाला. घणसोलीहून सगळे आले, खोली भरली. "वाच गं," आजा म्हणाला, "पन ता बदललंस ना?"

"तूच सांग काय घालू."

त्याने थोडा विचार केला. ओठांवर अक्षरं घोळवली, बोटांनी चादरीवर ठेका धरला. मग म्हणाला, "खाली पोटरीचे हाल. बसतं क?"

बसत होतं. मी तसंच वाचलं, आणि ती ओळ आली तेव्हा सगळ्यांत मोठ्याने तोच हसला. बाकीचेही हसले, कारण आता हसायला हरकत नव्हती असं त्यांना वाटलं असावं. आत्या हसली नाही. तिच्याकडे पाहिलं तर ती त्याच्या छातीकडे पाहत होती.

तेव्हापासून माझंही तसंच झालं आहे. आजा हसू लागला की मी हातातलं काम ठेवते, हसणं ओसरू देते, आणि त्याच्या पलीकडून येणाऱ्या त्या एका श्वासाची वाट पाहते. तो येतो. अजूनपर्यंत तरी दर वेळी येतो.