थोरलीच्या नावावरच्या वेळा

आमच्या गल्लीत दोन बहिणींचं केस कापायचं दुकान आहे. होतं म्हणायचं की आहे, इथेच माझी जीभ अडते. थोरली गेली, धाकटी उरली. तिची माझी शाळेपासूनची मैत्री. गल्लीतल्या दुकानांच्या सोशल मीडियावरच्या पोस्ट लिहिण्यावर माझं पोट चालतं, म्हणून तिच्याही पोस्ट मीच लिहिते.

पोस्टची शेवटची ओळ या विषयावर मी कुणाचंही ऐकून घेत नाही. गिऱ्हाइकाला एकच गोष्ट करायला सांगावी. मन ठरलेलं असेल त्याला ‘बुक नाऊ’, शंका असेल त्याला ‘मेसेज करा’. ‘लिंक बायोमध्ये’ ही नाइलाजाची ओळ. पोस्टखाली लिहिलेली लिंक दाबता येत नाही, म्हणून माणसाला प्रोफाइलवर पाठवायचं, आणि निम्मी माणसं वाटेतच गळतात. केस कापायला माणसं आधीच मन ठरवून येतात, म्हणून जाहिरातीला मी डोळे झाकून ‘बुक नाऊ’चं बटण लावलं.

पहिल्याच दिवशी ड्रॉवरमधला थोरलीचा फोन टिंग करून वाजला. मग पुन्हा वाजला. धाकटी तो अजून चार्ज करून ठेवत होती, हे मला तेव्हा कळलं. तिच्या हातातली कात्री तशीच राहिली. तेवढ्यात एक नवीन बाई दारात उभी राहून मोबाइलवरचं थोरलीचं नाव दाखवत म्हणाली, “माझी वेळ ताईंकडे आहे ना?”

बटण दाबलं की येतं ते बुकिंगचं पान मी उघडलं. थोरलीचं नाव अजून त्यावर होतं, आणि तिच्याकडे वेळ लागली की निरोप तिच्या फोनवर जात होता. कोणाकडे वेळ हवी असं ते विचारतं, आणि नवी माणसं ‘कोणीही चालेल’ दाबतात. मग ते जी जास्त मोकळी, तिच्याकडे वेळ देतं. धाकटीचा दिवस भरलेला आणि थोरलीचा सगळाच्या सगळा रिकामा. पानाचं काही चुकलं नव्हतं. माझ्या अंगावर मात्र सरसरून काटा आला.

“नाव काढून टाक गं. एक बटण आहे,” मी म्हटलं.

“नाव नाही काढायचं. तू तुझी ओळ बदल.”

मी चिडले, पण बदलली. आधी ‘लिंक बायोमध्ये’ केलं. लिंक त्याच पानावर जात होती, म्हणजे दार तेच, नुसता वळसा. गिऱ्हाइकं कमी झाली आणि जी आली त्यातली काही पुन्हा थोरलीच्याच नावावर लागली. ड्रॉवर वाजला की धाकटी दचकायची, आणि नाही वाजला तर उघडून बघायची. मला ते बघवत नव्हतं.

शेवटी लिंकच काढली आणि ‘मेसेज करा’ लिहिलं. ओल्या हातांनी ती उत्तरं कधी देणार? अनोळखी लोकांचे मेसेज तर वेगळ्या रिक्वेस्टच्या कप्प्यात पडतात, ते तिला दिसायचेही नाहीत. माणसं वाट बघून दुसरीकडे जायची. दुकान बसत चाललं होतं. मी तिला तसं तोंडावर सांगितलं, तर म्हणाली, “बसू दे.”

एका दुपारी मदत म्हणून मी तिचे मेसेज उघडले. ‘ताई आहेत का?’ असं जुन्या गिऱ्हाइक बायकांनी विचारलेलं. खाली धाकटीचं उत्तर, ‘आज नाहीत.’ दुसरीला, ‘ताई बाहेरगावी आहेत.’ तिसरीला, ‘पुढच्या आठवड्यात विचारा.’ वाचता वाचता मला त्या दुकानात भीती वाटायला लागली. मेसेजमध्ये थोरली रोज कुठेतरी गेलेली होती आणि रोज परत येणार होती.

एका बाईनं खरंच दर आठवड्याला विचारलं होतं. तिचा शेवटचा मेसेज मी मोठ्यानं वाचला. “किती वेळा विचारू? ताई माझ्यावर रागावल्यात का? माझं काही चुकलं असेल तर सांगा.”

धाकटी थोरलीच्या खुर्चीत मटकन बसली. इतके दिवस त्या खुर्चीत कुणाला बसू दिलं नव्हतं. खूप रडली. मीही रडले, उगाच कशाला खोटं सांगू. मग तिनं डोळे पुसून त्या बाईला लिहिलं, ‘ताई गेल्या. तुमच्यावर रागावल्या नव्हत्या. मी सांगायला हवं होतं.’ नंतर पान उघडून थोरलीचं नाव स्वतःच्या हातानं काढलं आणि मला म्हणाली, “लाव तुझं बुक नाऊ.”

दुसऱ्या दिवशी त्याच बाईनं वेळ घेतली. आली, खुर्चीत बसली. धाकटीनं तिच्या गळ्याशी कापड बांधलं.

“किती कापू?”

“ताई कापायच्या तेवढेच.”

धाकटी आरशात तिच्याकडे बघत राहिली. “त्या किती कापायच्या ते मला माहीत नाही,” ती म्हणाली. “तुम्ही दाखवा.”

बाईनं कापडाखालून हात काढला आणि खांद्याजवळ बोट टेकवलं.