जुडाभाऊंचा पंप

जुडाभाऊ आष्टमकरांच्या मशीनचा व्हॉल्व्ह मी दोन महिन्यांत दोनदा बदलला. तिसऱ्यांदा निरोप आला तेव्हा माझं डोकंच सटकलं. इस्रायलातल्या डिमोनात कपडे धुण्याच्या मशीन दुरुस्त करायला लागून मला पंधरा वर्षं झाली होती, आणि एक व्हॉल्व्ह मला नाचवतो म्हणजे काय!

तक्रार तीच. पाणी भरून व्हॉल्व्ह बंद झाला की भिंतीतल्या पाइपात धाडकन ठोका बसायचा. खालच्या मजल्यावरची अहुवा झाडूच्या दांड्यानं छत बडवायची. शिवाय मशीन बंद असतानाही व्हॉल्व्हातून पाणी झिरपून टब भरायचा. नळ अर्धा बंद ठेवला की आवाज कमी व्हायचा, पण झिरपणं थांबायचं नाही. आणि मी गेलो की सगळं ठीकठाक. गेजवर पाण्याचा दाब सहा बार. थोडा जास्त, पण व्हॉल्व्ह मोडण्याइतका नाही.

जुडाभाऊ फॉस्फेटच्या कारखान्यात कामाला. त्यांची बायको, मलकावहिनी, जाऊन दोन वर्षं झाली होती. चौथ्या मजल्यावर माणूस एकटा. मुलगा एरन सैन्यात. तो पंधरा दिवसांनी शुक्रवारी मळक्या युनिफॉर्मची पिशवी घेऊन यायचा, कपडे धुऊन वाळेपर्यंत राहायचा आणि रविवारी पहाटे जायचा. भाऊंचं कुटुंब म्हणजे तेवढंच. मशीन बिघडली तसा एरन म्हणाला होता, "अब्बा, तू त्रास घेऊ नकोस. किर्यात गातला ओफ्राची आई धुऊन देते." ओफ्रा म्हणजे त्याची मैत्रीण.

"याकोव, कपडे तिकडे गेले की पोरगा पण तिकडेच जाणार रे," भाऊ मला म्हणाले होते. मी हसण्यावारी नेलं. गाढव मी.

तिसऱ्या खेपेला शुक्रवारी सकाळी मी न सांगताच गेलो. दार उघडंच होतं. मशीन चालू, आणि सिंकखालच्या पडद्यामागे काहीतरी घरघरत होतं. पडदा सारला तर काय, छोटा पंप! थेट सरकारी लाइनवर जोडलेला.

"हे काय, भाऊ?"

भाऊंचा चेहरा पडला. "तुझ्या वहिनीला अंघोळीला धार येत नव्हती, तेव्हा बसवला. भायखळ्याला आम्ही असाच लावायचो."

"मग मी आलो की का दिसत नाही?"

"बंद करून पडदा ओढतो. तिकडे म्युनिसिपालिटीचा माणूस आला की करायचो, तसं. म्हटलं, तू कुठे बोलशील, दंड होईल."

मी कपाळावर हात मारला. गेल्या हिवाळ्यानंतर गावात पाण्याची नवी लाइन पडली, दाब वाढला, आणि हा पंप वरून आणखी रेटा देत बसलेला. व्हॉल्व्ह मिटला तरी पंप ढकलायचा थांबत नाही. त्यांच्यादेखत गेज लावला, पंप चालू केला. काटा दहाला जाऊन भिडला.

"अहो, डॉक्टरापासून दुखणं लपवता आणि औषध मागता!" मी ओरडलो. मग त्यांचे डोळे पाहिले आणि पाना उचलला. पंप काढला, सरळ पाइप जोडला, नवा व्हॉल्व्ह बसवला. पाणी भरलं, थांबलं. हुं की चूं नाही. भाऊ टाळी वाजवून म्हणाले, "आता येऊ दे त्याला!"

बाराच्या सुमारास एरन आला. पिशवीतला युनिफॉर्म घडी घातलेला, स्वच्छ. "ओफ्राच्या आईनं धुतले," हिब्रूत म्हणाला. "दोनच्या शेवटच्या बसनं किर्यात गातला परत जातो, शब्बात तिकडेच. शब्बात शालोम म्हणायला आलो." शब्बात म्हणजे आमचा सुट्टीचा शनिवार; शुक्रवारी संध्याकाळी तो लागला की बसगाड्या बंद.

भाऊ मराठीत म्हणाले, "जेवून तरी जा." पोरानं हिब्रूत उत्तर दिलं, "वेळ नाही, अब्बा," आणि तोंड धुवायला मोरीत गेला.

मी हत्यारं आवरत होतो. भाऊंनी पिशवी उचलली, सगळा युनिफॉर्म मशीनमध्ये कोंबला, साबण टाकला आणि बटण दाबलं. पाणी सरसरत आत शिरलं.

एरन बाहेर आला आणि बघतच राहिला. "अब्बा! स्वच्छ होते ते! रविवारी मला हेच घालायचेत!" त्यानं मशीनच्या दाराची मूठ ओढली, ते उघडेना. मग माझ्याकडे वळला. "याकोव, तू मेकॅनिक आहेस. उघड हे."

उघडता येत होतं. खालच्या फिल्टरमधून पाणी सोडायचं, अडकण सैल करायची, दहा मिनिटांचं काम. भाऊ माझ्याकडे बघतच नव्हते. ते साबणाचं डबडं हातात धरून मशीनच्या काचेकडे बघत होते. मला इतकं वाईट वाटलं की काय सांगू. असे कपडे डांबून पोरगा किती शुक्रवार घरी राहणार होता?

"मध्येच उघडत नाही ही मशीन," मी म्हणालो. "दीड तास लागेल. वाळायला संध्याकाळ."

गिऱ्हाइकाशी मी असं खोटं तेव्हा एकदाच बोललो. एरननं घड्याळ पाहिलं, खुर्ची ओढली आणि बापाकडे पाठ करून बसला. भाऊंनी त्याच्यासमोर हळूच ताट मांडलं.