बंद न झालेलं स्थळ

शिवरंजनीचं लग्न ठरलं, तेव्हा तिला सगळ्यात जास्त आनंद झाला तो मुलगे बघायचं संपलं याचा. तीन वर्षं सास्तूरच्या त्यांच्या घरात दर दुसऱ्या रविवारी कुणी ना कुणी येऊन बसत होतं. पोहे खात होतं, तिची उंची डोळ्यांनी मोजत होतं आणि 'कळवतो' म्हणून उठून जात होतं. रक्त-लघवी तपासणीचा डिप्लोमा करून ती लोहाऱ्याला एका लॅबमध्ये कामाला होती. रोज सकाळी दहा-वीस माणसांच्या हाताच्या शिरेत सुई घालायची, आणि रविवारी स्वतःच सुईच्या टोकावर बसायचं.

तिचे वडील महांतप्पा एसटीत कंडक्टर होते, रिटायर झालेले. ओळखीपाळखीतून जमेना म्हणून त्यांनीच लग्न जुळवणाऱ्या एका ॲपवर तिचं नाव घातलं. नोंदणीत ई-मेल तिचा, फोन त्यांचा. फुकटात नाव टाकलं की फोटो मागं पडतो, पैसे भरले की वर दिसतो, असं कंपनीच्या बाईनं फोनवर सांगितलं. महांतप्पांनी यूपीआयनं तीन महिन्यांचे पैसे भरले. भरताना पडद्यावर काहीतरी 'ऑटोपे' आलं, पिन मागितला, तो त्यांनी टाकला. पिन टाकल्याशिवाय पैसे जात नाहीत, एवढंच त्यांना ठाऊक. हा पिन पुढच्याही पैशांना होकार आहे, हे त्यांना कुणी सांगितलं नाही, आणि लिहिलेलं होतं ते इंग्रजीत होतं.

स्थळ मात्र त्या ॲपमधून जमलं नाही. ते जमलं अक्कलकोटच्या एका लग्नात, मावशीच्या ओळखीनं. मुलगा नंदीश, धाराशिवला पाइप आणि मोटारींचं दुकान. घरात आई शांतम्मा, वडील नाहीत. माणसं देवाधर्माची, बोलणं तोलून मापून. साखरपुडा झाला तरी शिवरंजनीच्या मेलवर रोज सकाळी यायचं, 'तुमच्यासाठी आज पाच नवी स्थळं'. एकदा तर ती नंदीशशी फोनवर बोलत असतानाच पडद्यावर ते झळकलं, आणि ती एकटीच लाजेनं लाल झाली.

त्याच संध्याकाळी तिनं मेलच्या अगदी तळाशी बारीक अक्षरातलं 'सदस्यता रद्द करा' शोधलं, दाबलं. एक पान उघडलं. 'तुम्हाला यापुढे आमचे मेल येणार नाहीत, तुम्ही गेल्याचं वाईट वाटतं.'

"अप्पा, ते स्थळांचं बंद केलं बरं का मी," तिनं हाक मारून सांगितलं.

"बरं केलंस. लई डोकं खात होतं," महांतप्पा ओसरीवरून म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून मेल खरंच थांबले. तिनं ॲपही फोनमधून उडवून टाकलं. घरात पुन्हा कुणी तो विषय काढला नाही. लग्न लागलं, ती धाराशिवला आली. लोहाऱ्याची नोकरी सुटली. "आता दुकानाकडं लक्ष घाल, दुसऱ्याच्या रक्तात कशाला हात घालायचे," शांतम्मा म्हणाल्या, आणि तिनं ते ऐकलं.

इकडं सास्तूरला महांतप्पांच्या फोनवर दर तीन महिन्यांनी आधी एक संदेश यायचा, की उद्या-परवा अमुक रक्कम कापली जाईल, आणि मग कापल्याचा दुसरा. दोन्ही इंग्रजीत, बँकेच्या नावानं. महांतप्पा ते वाचायचे नाहीत. बँक काहीतरी कापतच असते, विम्याचं, कार्डाचं, अशी त्यांची समजूत. रिटायर झालेल्या माणसाच्या फोनवर असे किती संदेश येतात, आणि तो किती वाचतो.

लग्नाला सव्वा वर्ष झालं तेव्हा नंदीशच्या चुलतभावासाठी, श्रीशैलसाठी, मुली बघायला सुरुवात झाली. श्रीशैलनं त्याच ॲपवर नाव घातलं. समाज, जिल्हा, शिक्षण भरलं, आणि यादीत सगळ्यात वर, सोनेरी चौकटीत, त्याला वहिनीचा फोटो दिसला. खाली लिहिलं होतं, 'प्रीमियम सदस्य. अविवाहित. आपल्या जोडीदाराच्या शोधात.'

तो गप्प बसला असता तर निभावलं असतं. पण तो फोटो त्यानं आपल्या आईला दाखवला, आईनं शांतम्मांना, आणि संध्याकाळी दुकान बंद करून नंदीश घरी आला तेव्हा दिवाणखान्यात चार माणसं बसली होती. शिवरंजनी स्वयंपाकघरात भाकरी थापत होती. तिला बाहेर बोलावलं गेलं ते पिठाच्या हातानं.

"हे काय आहे?" शांतम्मांनी फोन तिच्यासमोर धरला.

तिनं बघितलं. हिरव्या साडीतला, लॅबच्या दारात काढलेला तो फोटो. "आत्या, हे जुनं आहे. लग्नाआधीचं. मी बंद केलं होतं."

"जुनं?" श्रीशैलची आई म्हणाली. "कंपनीला फोन लावून विचारलं आम्ही. प्रोफाइल चालू आहे म्हणाले. मेंबरशिप आहे म्हणून तर वर दिसतंय."

"पैसे कोण भरतंय?" शांतम्मांचा आवाज चढला नाही, आणि म्हणूनच तो जास्त लागला. "कुणी भरल्याशिवाय चालतं का?"

शिवरंजनीनं पिठाचे हात पदराला पुसले. तिनं नंदीशकडं बघितलं. तो चपला काढायच्या विसरून उंबऱ्यापाशीच उभा होता. "माझा विश्वास आहे तुझ्यावर," तो म्हणाला. ती जरा सावरली. "पण मग हे कसं काय?" तो पुढं म्हणाला, आणि त्या 'पण'वर ती जी आतून तुटली ती तुटलीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला सास्तूरला पाठवलं. चार दिवस माहेरी राहून ये, असं सांगितलं. बॅग मात्र शांतम्मांनीच भरली होती, आणि त्यात हिवाळ्याची शालही घातली होती.

महांतप्पा मुलीचं तोंड बघूनच उठून उभे राहिले. तिनं सगळं सांगितलं. मग त्यांचा फोन मागून घेतला आणि बँकेचे संदेश मागं मागं सरकवत गेली. दर तीन महिन्यांनी एक कपात, त्याच ॲपच्या नावानं. तिनं कंपनीला फोन लावला. बराच वेळ गाणं वाजलं, मग एक मुलगी आली.

"मॅडम, तुम्ही मेल बंद केलेत," ती मुलगी गोड आवाजात म्हणाली. "मेंबरशिप नाही."

"मी 'सदस्यता रद्द करा' दाबलं होतं."

"ती मेलच्या यादीची सदस्यता, मॅडम. जाहिरातीचे मेल कुणाला पाठवायचे, त्याची यादी वेगळी. बिल वेगळ्या खात्यावरून निघतं. मेल थांबवले म्हणून प्लॅन थांबत नाही. ॲप काढून टाकलं तरी थांबत नाही. प्लॅन लॉगिन करून, सेटिंगमध्ये जाऊन रद्द करावा लागतो."

"मग ते त्या मेलवर का लिहिलं नाही?"

"मॅडम, मी काही मदत करू शकते का?"

शिवरंजनीनं फोन ठेवला आणि स्वतःच कामाला लागली. वडिलांच्या नंबरवर ओटीपी मागवून ती खात्यात शिरली. आत गेल्यावर 'मेंबरशिप' कुठं आहे ते सापडेना. सापडलं तर 'स्वयं-नूतनीकरण' त्याच्या पोटात. बंद करायला गेली तर आधी अर्ध्या किमतीत राहा म्हणाले, मग का जाताय म्हणून विचारलं, मग खरंच जायचं का म्हणून पुन्हा विचारलं. शेवटी नूतनीकरण बंद झाल्याचा मेल आला. तो तिनं उघडून वाचला. त्यात लिहिलं होतं, की भरलेली मुदत संपेपर्यंत मेंबरशिप चालू राहील. म्हणजे फोटो तिथंच राहणार. म्हणून तिनं प्रोफाइलही वेगळं जाऊन कायमचं काढून टाकलं. कारण विचारलं होतं. 'लग्न झालं' असा पर्याय होता, त्यावर तिनं बोट ठेवलं.

"झालं?" महांतप्पांनी विचारलं.

"न्हाय अप्पा. तुमचं यूपीआय उघडा."

ऑटोपेच्या पानावर ती परवानगी अजून 'सक्रिय' दिसत होती. तिनं ती रद्द करायला लावली, महांतप्पांनी पिन टाकला. "कंपनीकडं रद्द केलं तरी इथलंही काढायचं," ती म्हणाली. "आणि नुसतं इथलं काढलं तर पैसे जाणार न्हायत, पण तिथं नाव राहीलच. दोन्ही करावं लागतं."

आठवडाभरात महांतप्पांच्या मेलवर आलं, 'परत या, तुमचं स्थळ वाट बघतंय.' हा पत्ता त्यांनी पालक म्हणून दिला होता आणि शिवरंजनीला माहीतच नव्हता. मेंबरशिप गेली तरी जाहिरात गेली नव्हती. तिनं त्या मेलच्या तळाशी जाऊन तो पत्ताही यादीतून काढला. महांतप्पा शेजारी बसून बघत होते. "एकदा बिल न्हाय थांबत, एकदा मेल न्हाय थांबत," ते म्हणाले. "आमच्या एसटीत उतारू उतरला की उतरला."

तिनं परतावा मागितला. आधी सूचना दिली होती, म्हणून पैसे मिळणार नाहीत, असं कंपनीनं कळवलं. ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केल्यावर शेवटच्या खेपेचे पैसे परत आले, बाकीचे बुडाले. तिला पैशांचं काहीच वाटलं नाही.

महांतप्पा सगळे कागद घेऊन धाराशिवला गेले. इस्त्रीचा सदरा, गळ्यात करडी मफलर. बँकेचं विवरण, रद्द केल्याचा मेल, सगळं त्यांनी दुकानातल्या काउंटरवर मांडलं. नंदीशनं नीट वाचलं. "चूक तुमच्या फोनची आहे, मामा. रंजनीची नाही. मला कळलं," तो म्हणाला. पण घरी शांतम्मांनी कागदांना हात लावला नाही. "पावणे, आम्ही काही म्हणत नाही," त्या म्हणाल्या. "पण चारचौघांत झालं ते झालं. तुम्ही श्रीशैलच्या घरी जाऊन एकदा सांगून या." आणि आयुष्यभर हजारो माणसांपुढं ताठ उभा राहिलेला तो कंडक्टर, श्रीशैलच्या घरच्या सोफ्याच्या काठावर बसून, हात जोडून, आपल्या मुलीची काही चूक नाही हे सांगून आला.

हे त्यांनी शिवरंजनीला सांगितलं नाही. तिला ते नंदीशकडून कळलं, आणि त्यानं ते सांगितलं ते प्रश्न सुटल्याच्या आनंदात.

"तुम्ही का नाही गेलात?" तिनं विचारलं.

"मी जाऊन काय होणार होतं? मोठ्या माणसांचं त्यांनी बघितलं."

ती परत गेली. जायचं नव्हतं, पण दुसरं काय करायचं हे तिला अजून ठरवता येत नव्हतं, आणि नंदीश न्यायला आला तेव्हा महांतप्पांच्या चेहऱ्यावर जी सुटका दिसली तिच्याकडं पाठ फिरवणं तिला जमलं नाही. घरात कुणी तो विषय काढत नाही. फक्त तिचा फोन वाजला की शांतम्मांचं जपाचं बोट थांबतं, आणि नंदीश वर बघतो, लगेच खाली बघतो. सुरुवातीला ती स्वतःच सांगायची, कुणाचा फोन, कसला मेल. आता सांगत नाही.

दिवाळीनंतर तिनं धाराशिवच्या बस स्टँडजवळच्या एका लॅबमध्ये काम धरलं. विचारलं नाही, कळवलं. पगाराला बँकेत आपल्या एकटीच्या नावाचं खातं उघडलं, आपला वेगळा नंबर जोडला. शांतम्मा म्हणाल्या, "गरज काय होती?" तिनं डबा भरला, चपला घातल्या आणि बाहेर पडली.