येसूबाईचं गोणपाट

"पहिलं बाळंतपण माहेरात होतं, येसूबाय. तुमी काय नवा कायदा काढताव?" चिमाने चहाची बशी खाली ठेवली. सातव्या महिन्यातल्या लेकीला, ज्ञानेश्वरीला न्यायला ती आली होती. "लोक मला काय म्हणतील?"

"ओटी भरा, साडी नेसवा. बाळंतपणाला मात्र पाठवायची नाय." येसूबाई पडवीच्या कडेला, नेहमीच्या गोणपाटावर बसली होती.

"माझं घर निदान स्वच्छ तरी हाय," चिमा म्हणाली. मघापासून तिचा पदर नाकाशी होता.

येसूबाईचा नवरा सहदेव उगाच बाहेरच्या आंब्याच्या कलमांकडे बघत राहिला. ज्ञानेश्वरी दाराआड उभी होती.

येसूबाईचा थोरला, ज्ञानेश्वरीचा नवरा अजिंक्य, घरातच दोन तासांत जन्मला होता. म्हणून दुसऱ्या खेपेला, माहेरी, कुणी घाई केली नाही. पहिला आला तसा हाही येईल, असं सुईण दोन दिवस म्हणत राहिली. येसूबाईला डोलीतून रस्त्यापर्यंत आणून दवाखान्यात नेलं तेव्हा मूल मेलेलंच निघालं. आठव्या दिवशी अंथरूण ओलं झालं. तेव्हापासून चोवीस वर्षं लघवी आपोआप गळत होती, दिवसा आणि झोपेतही. लग्नकार्य सुटलं, एसटीत बसणं सुटलं. गळू नये म्हणून ती पाणी कमी पिई. त्याने गळणं थांबलं नाहीच, वर लघवी दाट होऊन वास वाढे, मांड्या सोलवटत. सहदेव लोकांना सांगे, बायकोला उष्णता आहे.

गेल्या महिन्यात सुनेला तपासायला उपकेंद्रात नेलं, तर तिथल्या स्नेहल सिस्टरने सासूलाच विचारलं, "मावशी, तुमच्या बाळंतपणात कळा किती दिवस होत्या?" इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. तिनेच येसूबाईला रत्नागिरीच्या दवाखान्यात पाठवलं.

ती चिमाकडे वळली. "वास कसला, सांगते. पोराचं डोकं हाडात अडलं. दोन दिवस मूत्राशय मधल्यामधे दाबलं गेलं, रक्त पोचलं नाय. तेवढी जागा मेली नि गळून पडली. तिथं भोक हाय. रत्नागिरीच्या डॉक्टरनी लघवीच्या पिशवीत निळं औषध सोडलं, तर खालचा कापूस निळा झाला. मी बघितला."

चिमाचा पदर खाली आला. "मला वाटलं, तुमी धूत नाय."

"दिवसातून सहादा धुते. तुमच्या वाडीतून गाडीपर्यंत चालत किती?"

"पाऊण तास," चिमा म्हणाली. मग हळूच, "उतार बाकी वाईट हाय."

सहदेव वळला. "मला कधी बोललीस नाय."

"तुमी खाट वेगळी केलीत. विचारलंत कधी?"

येसूबाईने गोणपाट गुंडाळलं आणि ती उठली.

"नववा लागला की ज्ञानू रत्नागिरीत माझ्या भावाकडे राहील. कळा सुरू झाल्या की सरळ दवाखान्यात. चिमाताई, तुमी सोबतीला या. आणि सोमवारी मी दाखल होते. भोक शिवणार. पिशवी रिकामी राहावी म्हणून तीन आठवडे नळी असंल. जुनं हाय, पहिल्या फेरीत भरेलच असं डॉक्टर म्हणत नायत. तरी जाणार. तवर घरातला सैपाक तुमी करा," ती सहदेवला म्हणाली.