अडतीस पॉइंट तीनची ओळ

नगरमध्ये सावेडीत एका बंगल्याच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं. आम्ही नऊ माणसं, आणि काम दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर बनवायचं. मी तिथं टेस्टर म्हणून लागले तेव्हा मला काम शिकवलं ते सरांनी. पुण्यातल्या एका कंपनीत बरीच वर्षं काढून, बायको गेल्यावर ते नगरला परत आले होते. एकटेच राहायचे. डबा आणायचे, पण निम्मा तसाच राहायचा.

सरांचा जीव एका गोष्टीत होता, ती म्हणजे ट्रेसेबिलिटी मॅट्रिक्स. दिसायला नुसती एक लांबलचक एक्सेल शीट. एका ओळीत दवाखान्याची एक मागणी. ती कोणी केली, कोणत्या शब्दांत केली, डिझाइनच्या कोणत्या कलमात बसवली, कोणत्या टेस्ट केसने तपासली, निकाल काय आला आणि कोणत्या रिलीजमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरच्या कोणत्या आवृत्तीत, ती दवाखान्याला दिली, असे पुढचे रकाने. पहिल्याच आठवड्यात सर मला म्हणाले होते, "रकाना रिकामा असेल तर ते काम झालेलं नाही असं समजायचं. कोणी कितीही सांगू दे."

जामखेडकडच्या एका दवाखान्याचं काम आलं तेव्हा मागण्या लिहून घ्यायला आम्ही दोघं गेलो. तिथल्या मुख्य सिस्टर वयानं मोठ्या, बोलायला सडेतोड. त्या म्हणाल्या, "पेशंटला कोनतं औषध सोसत न्हाई ते आमी केसपेपरवर लाल शाईनं लिहितो. पन गडबडीत कागद कोन बघतंय? कॉम्प्युटरनंच आडवं यायला पायजे."

सरांनी त्यांना ते पुन्हा सांगायला लावलं आणि त्यांच्याच शब्दांत उतरवून घेतलं. ऑफिसात आल्यावर त्या एका मागणीच्या, शीटमधल्या अडतीस नंबरच्या, त्यांनी तीन ओळी केल्या. औषध तीन ठिकाणांहून लिहिलं जातं, म्हणून ॲलर्जीची सूचनाही तिन्ही ठिकाणी दिसली पाहिजे. अडतीस पॉइंट एक म्हणजे ओपीडी, दोन म्हणजे वॉर्ड आणि तीन म्हणजे इमर्जन्सी.

तिसऱ्या रिलीजच्या आधी सरांनी शिकवल्याप्रमाणे मी उलटी तपासणी करत होते. म्हणजे टेस्ट केस हातात घ्यायची आणि ती कोणत्या मागणीसाठी आहे हे मागं जाऊन बघायचं. एका टेस्टचा नंबर डिस्चार्ज कार्डाच्या मागणीसमोर लिहिलेला होता. ती टेस्ट उघडली तर लॅब रिपोर्टची निघाली. मला वाटलं, टायपिंगची चूक असेल. मग आणखी एक सापडली, मग आणखी. सगळ्या ओळी गेल्या दोन महिन्यांतल्या आणि सगळ्या सरांनी भरलेल्या. रकाना एकही रिकामा नव्हता, त्यामुळे शीटच्या वरच्या कोपऱ्यात शंभर टक्के असा हिरवा आकडा दिसत होता. रकान्यात काहीतरी आहे एवढंच तो आकडा मोजायचा. जे आहे ते बरोबर आहे की नाही, हे त्याला कुठून कळणार?

मला कळलं. हल्ली सर एकच प्रश्न सकाळी विचारायचे आणि जेवणानंतर पुन्हा विचारायचे. एकदा स्कूटरची किल्ली हातात घेऊन किल्ली शोधत होते. आम्ही हसलो होतो, तेही हसले होते.

मी कोणालाच काही बोलले नाही. रोज सकाळी सर यायच्या आधी तासभर लवकर यायचे आणि एकेक ओळ नीट करायचे. अशा अकरा ओळी दुरुस्त केल्या. अडतीस पॉइंट तीनवर आले तेव्हा समोर टी-१४१ लिहिलं होतं. टेस्टचं नाव होतं 'ॲलर्जीची सूचना दिसते'. नाव जुळलं म्हणून मी पुढं गेले. आतल्या पायऱ्या वाचल्या नाहीत. त्या वॉर्डच्या स्क्रीनच्या होत्या.

रिलीज गेलं. तीन आठवड्यांनी दुपारी सिस्टरांचा फोन आला. शेतात पायाला जखम झालेली एक बाई इमर्जन्सीत आणली होती. तिला पेनिसिलीन चालत नाही हे आमच्या सॉफ्टवेअरमध्ये नोंदवलेलं होतं. डॉक्टरांनी तेच इंजेक्शन लिहिलं आणि स्क्रीनवर काहीच आलं नाही. थोड्याच वेळात बाईला श्वास घेता येईना.

"वाचली," सिस्टर म्हणाल्या. "दोन दिवस आयसीयूत हुती. पन तुमी तर लिहून घेतलं हुतं ना?"

कंपनीच्या मालकांनी सगळ्यांना बोलावलं आणि ती ओळ प्रोजेक्टरनं भिंतीवर दाखवली. डिझाइन सहा पॉइंट चार, टेस्ट टी-१४१, निकाल पास, रिलीज तीन. सर ओळ वाचून म्हणाले, "सहा पॉइंट चार म्हणजे वॉर्ड. इमर्जन्सी सहा पॉइंट पाच आहे. त्या कलमात सूचनेचा उल्लेखच नाही, म्हणून ती कोणी बनवली नाही आणि तपासलीही नाही. हे कोणी भरलं?"

 मालकांनी शीटची हिस्टरी, म्हणजे कोणी काय भरलं त्याची नोंद, उघडली. सरांनी स्वतःचं नाव वाचलं. चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचलं.

"माझंच आहे," ते म्हणाले.

मी तेव्हाही गप्प बसले. नंतर जिन्यात त्यांना गाठलं. "सर, मला माहीत होतं. मी रोज दुरुस्त करत होते."

"किती?"

"अकरा. ही राहिली."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

ते कठड्याला धरून उभे होते. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. हळू आवाजात म्हणाले, "वाईट वाटलं असतं गं. तेवढंच झालं असतं."

मी वर गेले आणि मालकांना सगळं सांगितलं. पुढच्या चार दिवसांत सहा पॉइंट पाचमध्ये सूचना आली, नवी टेस्ट लिहिली गेली, आणि दुरुस्ती जामखेडला बसवल्यावर सिस्टरांनी स्वतः खोटा पेशंट टाकून ती बघितली. शिवाय सगळी शीट, प्रत्येक टेस्टच्या पायऱ्या वाचत, ऑफिसातल्या दोघांनी वेगवेगळी तपासली. त्यात आणखी दोन ओळी निघाल्या.

सरांनी एकच हट्ट धरला, त्या बाईंना भेटायचं. आम्ही त्यांच्या घरी गेलो. पायाला अजून पट्टी होती. सर म्हणाले, "तिथला कॉम्प्युटर आम्ही बसवला. चूक आमची होती." बाईंना त्यातलं फारसं कळलं नसावं. त्या म्हणाल्या, "व्हय का. उन्हाचं आलाय, पानी घ्या आदी." सर तांब्या घेऊन पाणी प्यायले.

महिन्याभरात त्यांनी काम सोडलं. पुण्याच्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं आणि भाऊ त्यांना संगमनेरला घेऊन गेले.

मागच्या महिन्यात मी भेटून आले. ते अंगणात पेपर घेऊन बसले होते. मला बघून त्यांना आनंद झाला, पण माझं नाव काही आठवलं नाही. मीही आठवण करून दिली नाही. निघताना फाटकापर्यंत आले आणि म्हणाले, "पोचल्यावर फोन कर."

नगरच्या स्टँडवर उतरल्या उतरल्या फोन केला. सरांच्या वहिनींनी उचलला. त्यांनी आत हाक मारून सांगितलं की ती पोचली. मला आतून सरांचा आवाज ऐकू आला, "कोण?"