अंगठ्यांची चाचणी

आजही कुणी माझ्यासमोर ‘डेटा सांगतोय’ म्हणालं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. डेटा काही सांगत नसतो. सांगणारे आपण असतो, आणि आपल्याला हवं तेच सांगतो.

केडगावात, हार्डवेअरच्या दुकानावर आमचं छोटं ऑफिस होतं. गोठेवाल्यांनी व्हॉट्सॲपवर गाई-म्हशींबद्दल विचारायचं आणि मशीननं मराठीत उत्तर द्यायचं, असा आमचा धंदा. प्रत्येक संभाषणाआधी मशीनला आमच्याकडून एक लांबलचक सूचना जायची. कसं बोलायचं, काय सांगायचं, कुठे थांबायचं, हे सगळं त्यात असायचं. गोठेवाल्याला ती दिसत नसे. आम्ही तिला नुसतं ‘प्रॉम्प्ट’ म्हणायचो.

जुना प्रॉम्प्ट ताईंनी माझ्यासोबत बसून लिहिला होता. ताई खर्ड्याच्या. गुरांच्या दवाखान्यात त्यांनी बरीच वर्षं काम केलेलं. पोट फुगलंय, जनावर उठत नाही, वासरू अडलंय, असं काही कुणी लिहिलं की मशीननं पुढे बोलायचं नाही, गोठेवाल्याचा नंबर ताईंच्या टेबलावर पाठवायचा, असं त्यात स्पष्ट होतं. मग ताई स्वतः फोन करायच्या आणि गरज पडली तर डॉक्टर गाठून द्यायच्या.

आमच्या सरांना या टेबलाचा खर्च डोळ्यांत खुपायचा. त्यांनी पुण्याच्या कुणाकडून तरी नवा प्रॉम्प्ट लिहून आणला. गोड बोला, धीर द्या, सगळं मशीननंच निभावून न्या, आणि टेबलाकडे अगदीच नाइलाज झाला तर पाठवा. जुन्याशी चाचणी लावून तो जिंकला तर टेबल बंद आणि ताई घरी, हे त्यांनी मीटिंगमध्ये ताईंच्या तोंडावर सांगितलं. ताई पदराशी चाळा करत ऐकत राहिल्या. मला तेव्हाच उठून ओरडावंसं वाटलं होतं.

आकडे बघणं माझं काम. चाचणी मीच लावली. निम्म्या फोन नंबरांना जुना प्रॉम्प्ट, म्हणजे ए, निम्म्यांना नवा, म्हणजे बी. कोणता नंबर कुठे जाणार ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं मशीनच ठरवणार, आणि एकदा ठरलं की बदलणार नाही. उत्तराखाली पसंतीचा अंगठा दाबायची सोय होती. ज्या संभाषणात अंगठा आला ते समाधानी, असं सरांनी ठरवलं. तीन आठवडे चालवायचं आणि मधे निकाल लावायचा नाही, असं मी ठरवून घेतलं होतं.

पण सर रोज सकाळी चहाचा कप घेऊन माझ्या स्क्रीनपाशी हजर. एक दिवस बी पुढे, दुसऱ्या दिवशी बरोबरी, पुन्हा बी पुढे. फरक योगायोगाचा वाटेनासा झाला की आकडा हिरवा व्हायचा. दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी तो हिरवा झाला आणि सरांनी टाळी वाजवली. “झालं! बी जिंकला. थांबव चाचणी.”

“सर, रोज बघत राहिलं तर कधी ना कधी तो हिरवा होतोच. तीन आठवडे ठरलं होतं.”

“तुला ताईंचा पुळका आहे,” ते म्हणाले आणि फोन लावत बाहेर गेले.

पुळका होताच, नाही म्हणत नाही. पण त्या दिवशी मी चिडले ते आकड्यांवरच्या अडाणीपणावर. दार लावून बसले आणि प्रत्येक फोन नंबरामागे किती संभाषणं आहेत ते काढलं. बीमध्ये एकच नंबर वर आला. त्याची इतकी संभाषणं की दुसरा कुणी जवळपासही नव्हता, आणि जवळजवळ प्रत्येकात अंगठा! तो एक नंबर बाजूला काढला, तर बीची आघाडी विरघळून गेली.

नंबर शेवगावकडच्या एका दूध संकलन केंद्राच्या सचिवांचा होता. मी फोन केला.

“आमच्याकडं सकाळी समदे दूध घालाया येत्यात,” ते म्हणाले. “ज्याला जे इचारायचं ते मलाच म्हनत्यात. मी टाकतो मोबाईलवर.”

“आणि अंगठा?”

“तो मी समद्यालाच दाबतो. न्हाई दाबला तर समोरच्याला वाटतं, वाचलंच न्हाई. ग्रुपवर पन तसंच करतो.”

“उत्तर आवडलं म्हणून नाही?”

“आवडायचं काय त्यात, म्याडम? आलं, वाचलं, दाबलं.”

मी कपाळावर हात मारला. आम्ही चिठ्ठ्या माणसांच्या टाकल्या होत्या आणि मोजली मात्र संभाषणं. एका माणसाची सवय आम्ही शेकडो गोठ्यांची पसंती म्हणून धरली होती. मोजायची तर माणसं मोजायला हवी होती, एका नंबराला एकच मत. तसं मोजल्यावर हिरवा रंग गेला. उरला तो इतका पुसट फरक, की बी थोडा बरा असेल किंवा चांगलाच वाईटही असेल, काहीच म्हणता येत नव्हतं.

सरांना हे पटेना. मग मी म्हणाले, एक आठवडा दोन्ही बाजूंना जुनाच प्रॉम्प्ट लावू. नंबरांची वाटणी आहे तीच ठेवू, आणि मोजू तुमच्याच पद्धतीनं. ते हसून हो म्हणाले. सचिवांचा नंबर अजून बीकडेच होता, आणि आठवड्यानंतर बीच्या बाजूचा आकडा पुन्हा हिरवा! दोन्हीकडे शब्दन् शब्द तोच प्रॉम्प्ट, आणि तरी एक जिंकला. मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. “आता सांगा, सर, हा कुणाचा विजय?”

त्यांनी खुर्ची ओढून आकडे पुन्हा वाचले. मला वाटलं, मी जिंकले.

“म्हणजे दोघांत फरक नाही,” ते म्हणाले.

“फरक दिसला नाही, सर. नाही असं नाही म्हणता येत. आणि जुन्या प्रॉम्प्टमध्ये ज्यांना ताईंचा फोन जातो, ते फोनवरच बोलून मोकळे होतात. चॅटवर परत येऊन अंगठा कोण दाबणार? ज्यांची गाय वाचली, ते सगळे आपण नाराज म्हणून मोजलेत.”

“फरक नाही ना? मग जो स्वस्त, तो ठेवायचा.” त्यांनी लॅपटॉप मिटला. “चाचणी करूनच ठरवलंय, असं सांगू सगळ्यांना.”

मी टेबलावर हात आपटला. ओरडले. काय काय बोलले ते आता आठवत नाही, पण खालच्या दुकानातला माणूस जिन्यात येऊन उभा राहिला होता. माझ्याच चाचणीनं, माझ्याच आकड्यांनी त्यांनी ताईंना काढलं. तो राग अजून गेलेला नाही, आणि जाऊही नये.

शनिवारी ताईंनी हेडफोनची वायर गुंडाळून टेबलावर ठेवली. पाण्याची बाटली पिशवीत टाकली. मग माझ्यापाशी येऊन हळूच विचारलं, “म्हंजे मी असले काय, नसले काय, जनावराला फरक पडत न्हाई, असं निघालं व्हय गं?”

“नाही ताई,” मी म्हणाले. “ते आपण मोजलंच नाही.”